इटलीत उभ्याउभ्या कॉफी मागताना: रिस्त्रेत्तो, मक्क्यातो, कोर्रेत्तो म्हणजे नक्की काय?

मृण्मयी_के
५ सप्टेंबर, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिलान, बोलोन्या आणि नेपल्स असा दहा दिवसांचा बेत आहे. मी, नवरा आणि सासरे (वय ७१). हॉटेलं, रेल्वेची तिकिटं वगैरे झालंय, त्याबद्दल विचारायचं नाहीये.

प्रश्न कॉफीचा आहे. नवऱ्याला कडक लागते. मला संध्याकाळनंतर कॉफी घेतली की रात्रभर पंख्याची पाती मोजावी लागतात. सासऱ्यांना दूध, साखर आणि वाफ, तिन्ही हवं. आणि ते दारूला शिवत नाहीत, हे महत्त्वाचं, कारण तिथल्या यादीत दारू घातलेली कॉफीही असते असं ऐकलं.

इथल्या कॉफी शॉपात मेनू वाचत दहा मिनिटं उभं राहता येतं. तिकडे म्हणे काउंटरवर गर्दी असते आणि माणूस भुवई उचलून बघतो, तेवढ्यात बोलायचं. तर एवढंच सांगा: कोणता शब्द उच्चारला की समोर काय येतं?

बंड्या_बिनसाखर
५ सप्टेंबर, सकाळी ९:५२

"एक स्पेशल, दोन कटिंग" म्हणून बघा. आवाजात दम असेल तर काहीतरी येईलच.

देशपांडे_काका
५ सप्टेंबर, सकाळी १०:१५

आम्ही २०१७ साली ग्रुप टूरने गेलो होतो. सोपं आहे हो. रिस्त्रेत्तो म्हणजे आपली कटिंग, अर्धा एस्प्रेसो. लुंगो म्हणजे फुल. मक्क्यातो म्हणजे वर कॅरॅमल टाकलेली. आणि रिस्त्रेत्तोमध्ये कॅफिन सगळ्यात जास्त, त्यामुळे मृण्मयीताई, तुम्ही त्यापासून लांब राहा.

तोरिनोकर
५ सप्टेंबर, दुपारी १:०५

काका, रागावू नका, पण चारातलं सव्वा वाक्य बरोबर आहे. तोरिनोत चौदा वर्षं काढली, रोज सकाळी त्याच बारमध्ये कॉफी पितो, म्हणून बोलतो.

आधी मुळाचं. तिथे "एस्प्रेसो" असं फारसं कोणी मागत नाही. "उन काफ्फे" म्हटलं की तीच छोटी कपातली कॉफी येते. एस्प्रेसो म्हटलं तरी कळतं, फक्त पाहुणे आहात तेही कळतं. "बार" शब्दालाही दचकू नका. सकाळी सातला शाळेची पोरं आईबरोबर जिथे क्रोसाँ खातात तोही बारच.

बाकीचे बहुतेक शब्द या एका काफ्फेची विशेषणं आहेत. काफ्फे रिस्त्रेत्तो, काफ्फे लुंगो, काफ्फे मक्क्यातो, काफ्फे कोर्रेत्तो. आपण "चहा, कमी साखर" म्हणतो तसंच. मूळ वस्तू एकच, तिचं काय करायचं ते पुढचा शब्द सांगतो. हे डोक्यात बसलं की यादी पाठ करावी लागत नाही.

मक्क्यातो म्हणजे डाग पडलेली. काळ्या कॉफीवर दुधाचा डाग. एखाद-दोन चमचे दूध, बस. कॅरॅमलचा काही संबंध नाही, ती मोठ्या कॉफी-साखळ्यांची करामत. आता हाच शब्द उलटा करा: लात्ते मक्क्यातो. म्हणजे डाग पडलेलं दूध. उंच ग्लासभर गरम दूध आणि त्यात कॉफीचा डाग. कशावर कशाचा डाग, एवढंच बघायचं.

आणि नुसतं "लात्ते" म्हणालात तर दूध येईल. शब्दाचा अर्थच दूध आहे. तो माणूस तुमची गंमत करत नसतो.

बंड्या_बिनसाखर
५ सप्टेंबर, दुपारी १:१२

म्हणजे आमची ही लग्नापासून मला मक्क्यातो म्हणत आलीय. प्रत्येक शर्टावर.

ग्राइंडरबाई
५ सप्टेंबर, दुपारी ३:३०

रिस्त्रेत्तोबद्दल मी बोलते. दोन वर्षं मुंबईत एका कॅफेत मशीनमागे उभी होते, त्यामुळे हात भाजून शिकलेलं आहे.

काका, कटिंगची उपमा इथेच फसते. कटिंग म्हणजे तयार चहा, अर्धा ओतलेला. चव तीच, माप अर्धं. रिस्त्रेत्तोत पावडर कमी होत नाही. इटलीत एका कपाला साधारण ७ ग्रॅम पावडर, तेवढीच राहते. कमी होतं ते तिच्यातून जाणारं पाणी. नेहमीच्या काफ्फेत साधारण २५ सेकंदांत २५ मिलिलिटर कॉफी कपात उतरते. रिस्त्रेत्तो मागितली की पंधरा-अठरा मिलिलिटरच्या आसपास धार तोडायची.

आता धारेकडे बघा, म्हणजे कळेल यानं काय होतं. पहिले थेंब काळपट, काकवीसारखे जड पडतात. मग धार उंदराच्या शेपटीसारखी बारीक होते, रंग तांबूस. शेवटी ती फिकट, पिवळसर आणि पाण्यासारखी होते. आंबटपणा, गोडवा, घट्टपणा आधी उतरतो, कडवटपणा शेवटी. रिस्त्रेत्तोत शेपूट कापल्यामुळे कॉफी दाट लागते, पण तेवढी कडू लागत नाही. लुंगोत उलटं: त्याच पावडरीतून दुप्पट पाणी ओढलं, म्हणजे फिकट धारही कपात आली. म्हणून लुंगो पातळ असूनही जास्त कडू लागते. लोकांना वाटतं पाणी वाढलं म्हणजे सौम्य झाली. तसं हवं असेल तर आमेरिकानो मागा, त्यात कॉफी नीट काढून वरून गरम पाणी घालतात.

कॅफिनचंही तेच. पावडर तितकीच आणि पाणी कमी, म्हणजे एका कपात उतरणारं कॅफिन थोडं कमीच, जास्त नाही. घोट तीव्र असतो म्हणून आपल्याला वाटतं जबरदस्त डोस मिळाला.

देशपांडे_काका
५ सप्टेंबर, दुपारी ४:०२

बरं, कॅफिनचं मागे घेतो. पण आमच्या गाईडने कटिंगच सांगितलं होतं.

फिल्टरवाली_माटुंगा
५ सप्टेंबर, दुपारी ४:२०

ग्राइंडरबाई, हे तर आमच्या डिकॉक्शनचं वर्णन झालं! पितळी फिल्टरमध्ये आधी पडतं ते घट्ट, तेच सकाळच्या पहिल्या टंबलरला. त्याच पावडरीवर परत पाणी ओतून जे निघतं ते दुपारी, उशिरा येणाऱ्या पाहुण्यांना. आमची अम्मा पावडर आणि पाणी दोन्ही नजरेनं घालायची आणि रोज तीच चव. यांना सेकंद मोजावे लागतात.

तोरिनोकर
५ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१०

त्यांची अम्माही नजरेनंच तोडते हो. सकाळी आठला बारमागचा माणूस सेकंद बघत नाही, धारेचा रंग बघतो, आणि तेवढ्यात तीन जणांशी फुटबॉलवर भांडतो.

पालथा_घडा
५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३३

मी ते अष्टकोनी अ‍ॅल्युमिनियमचं इटालियन भांडं घेतलंय गॅसवर ठेवायचं. त्यात रिस्त्रेत्तो कशी करायची? पाणी अर्धं घालू का?

ग्राइंडरबाई
५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

पालथा_घडा, ते मोका. एस्प्रेसो मशीनमध्ये नऊ बारच्या आसपास दाब असतो, मोकात फार तर दीड-दोन. त्यातून चांगली कॉफी होते, पण रिस्त्रेत्तो नाही. पाणी वाल्वच्या खालपर्यंतच भरा, अर्धं नको. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे मृण्मयीचा सासरा ताटकळतोय.

सौ_शहाण्या
५ सप्टेंबर, रात्री ८:१५

आता माझी कहाणी ऐका, म्हणजे कोर्रेत्तो कुणी विसरणार नाही.

आमचे बाबा माळकरी. वेरोनात एका छोट्याशा बारमध्ये गेलो. भिंतीवर पाटी होती, बाबांनी चष्मा वर करून सगळी वाचली आणि म्हणाले, "हे बघ, करेक्ट लिहिलंय. बाकीच्यांत काही ना काही भानगड असणार, मला करेक्ट तीच दे." मीही तेव्हा अडाणी, बोट दाखवलं. त्या माणसानं काहीतरी प्रश्न विचारला. बाबांनी सवयीनं मान हलवली, आपली ती हो-नाही दोन्हीच्या मधली. कॉफी आली. बाबांनी कप नाकाशी नेला, परत खाली ठेवला आणि मला म्हणाले, "यांनी कप सॅनिटायझरनं धुतलाय."

कोर्रेत्तो म्हणजे दुरुस्त केलेली. दुरुस्ती ग्राप्पाची होती.

बंड्या_बिनसाखर
५ सप्टेंबर, रात्री ८:१९

हहपुवा!!! "दुरुस्त कॉफी" नावाचं हॉटेल काढतो मी आता.

तोरिनोकर
५ सप्टेंबर, रात्री ९:४०

सौ_शहाण्या, तो प्रश्न बहुतेक "कशानं?" असा असणार. कोर्रेत्तो नुसती मागत नाहीत, कशानं दुरुस्त करायची ते सांगावं लागतं: ग्राप्पा, सांबुका, ब्रँडी. ग्राप्पा म्हणजे वाइनसाठी द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्याची दारू, चांगलीच जहाल. सांबुकाला बडीशेपेच्या जवळची चव, गोडसर. म्हणून मृण्मयी, एक खूण लक्षात ठेवा. काफ्फे मागितल्यावर समोरच्यानं बाटल्यांच्या फळीकडे हात केला की थांबवायचं. "सेंत्सा आल्कोल" म्हणजे दारूविना.

तुमची वेरोना ज्या भागात येते त्या व्हेनेतोत आणखी एक प्रकार आहे, रेझेंतिन. कॉफी पिऊन झाली की कपाच्या तळाला साखर आणि थोडी कॉफी चिकटलेली असते. त्यात थेंबभर ग्राप्पा ओतून कप गोल फिरवायचा, विसळायचा, आणि विसळलेलं पिऊन टाकायचं. शब्दाचा अर्थच विसळणं.

माळावरचा_वड
५ सप्टेंबर, रात्री १०:०५

ताट धुऊन पाणी प्यायची आपली रीत. आजोबांना सांगायला हवं होतं, कोकणातून व्हेनेतोत जाऊन पोचली.

जहाजी_४२
६ सप्टेंबर, पहाटे ५:२०

तोरिनोकरांनी "विशेषणं" सांगितली ती सगळीकडे चालतात असं समजू नका. मी मर्चंट नेव्हीत, त्रिएस्तेला बऱ्याचदा जहाज लागलंय. ते जुनं कॉफीचं बंदर, आणि तिथली भाषाच वेगळी. काफ्फेला तिथे "नेरो" म्हणतात, काळी. मक्क्यातोला "कापो". आणि तीच छोट्या काचेच्या ग्लासात हवी असेल तर "कापो इन बी". बी म्हणजे बिक्क्येरे, ग्लास. आणखी घोळ म्हणजे तिथे "काफ्फेलात्ते" म्हटलं की काप्पुच्चीनो येते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारचा म्हातारा "कापो इन बी" म्हणाला. मला वाटलं बर्थ नंबर सांगतोय.

मृण्मयी_के
६ सप्टेंबर, सकाळी ८:३०

त्रिएस्ते आमच्या वाटेत नाही, वाचलो! सगळ्यांचे आभार, पण आता तीन प्रश्न उरले. सासऱ्यांसाठी काय? माझ्या झोपेचं काय? आणि काप्पुच्चीनो अकरा वाजल्यानंतर मागितली तर हाकलून देतात हे खरं का? ते दुपारी चारलाच कॉफी घेतात, त्यात बदल होणार नाही.

अनिवासी_अण्णा
६ सप्टेंबर, सकाळी ९:००

आपल्या पैशानं आपण कॉफी पितो. मला बारा वाजता काय आणि रात्री दहाला काय, काप्पुच्चीनो मिळालीच पाहिजे. हे उगाच बाऊ करून ठेवलेले नियम आहेत. आपण कुणाला जेवणानंतर चहा प्यायला तर हसतो का?

सौ_शहाण्या
६ सप्टेंबर, सकाळी ९:०८

अण्णा, जेवणात वरणभातावर कुणी चहा ओतून घेतला तर मी नक्की हसेन.

तोरिनोकर
६ सप्टेंबर, दुपारी १२:४५

कोणी हाकलत नाही. काप्पुच्चीनो हा त्यांचा नाश्ता आहे, एका क्रोसाँबरोबर. एवढं दूध जेवणावर जड पडतं अशी त्यांची समजूत, म्हणून जेवून उठल्यावर मागितली की त्यांना पोटात कळ येते, तुमच्या. दुपारी चारला मागितली तर मुकाट्यानं करून देतात. दुपारी दुधाची चव हवी असलेला इटालियन माणूस मक्क्यातो घेतो, ती दिवसभर चालते.

सासऱ्यांची खरी अडचण वेळेची नाही, तापमानाची होणार आहे. काप्पुच्चीनोचं दूध साठ अंशांच्या आसपासच तापवतात. त्याच्या फार वर नेलं की फेस विस्कटतो आणि दुधाचा गोडवा जातो. आपल्याकडे उकळी आल्याशिवाय दूध गरम मानत नाहीत. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा पहिल्या घोटाला म्हणाले, "निवलेली दिली रे." त्यावर उपाय एक शब्द: "बोल्लेन्ते". उकळती. "उन काप्पुच्चीनो बोल्लेन्ते, पेर फावोरे." बारवाला मनातून हळहळेल, पण करून देईल. साखरेच्या पुड्या काउंटरवरच असतात, मोजायला कोणी नाही.

तुमच्या झोपेसाठी "देकाफ्फेइनातो", बोलताना "देका" म्हटलं तरी चालतं. विशेषणं एकापुढे एक लागतात: देका मक्क्यातो. मग तो विचारेल "काल्दो ओ फ्रेद्दो?" काल्दो म्हणजे गरम फेसाळलेलं दूध तो वरून घालतो. फ्रेद्दो म्हणजे थंड दूध, पुष्कळदा छोटी किटली पुढे सरकवतात, आपलं आपण घालायचं. गंमत बघा, कानाला काल्दो म्हणजे कोल्ड वाटतं. कित्येक लोक तिथेच फसतात.

मराठीमास्तर
६ सप्टेंबर, दुपारी २:१०

उच्चारावर दोन शब्द. इंग्रजी वळणानं "मॅचियाटो", "रिस्ट्रेटो" म्हणू नका. इटालियनमधला त आपला त आहे, ट नाही. आणि जोडाक्षरावर आपण "पक्का", "सत्ता" म्हणताना जसे थांबतो तसेच ते थांबतात: रिस्त्रेत्तो, मक्क्यातो, लात्ते. सी-एच दिसलं की क. देवनागरीत लिहून ठेवा आणि जसं लिहिलंय तसं वाचा, इंग्रजाला जिभेची कसरत करावी लागते तिथे आपलं फुकटात जमतं. काफ्फेत जोर मात्र शेवटच्या फेवर.

बंड्या_बिनसाखर
६ सप्टेंबर, दुपारी २:१४

आणि लुंगो म्हणताना शेवटचा ओ गिळू नका. भर मिलानमध्ये लुंगी मागाल.

ग्राइंडरबाई
६ सप्टेंबर, दुपारी ३:००

मिलान स्टेशनवर तिघं उभे आहेत असं धरून तोरिनोकरांनी एकदा सगळं क्रमानं सांगावं. पैसे आधी की नंतर, यावर माझाही गोंधळ झाला होता.

तोरिनोकर
६ सप्टेंबर, रात्री ९:३०

चला, मृण्मयीच्या घरचीच ऑर्डर घेऊ.

स्टेशन, हायवे, गर्दीची ठिकाणं: आधी पैसे. काउंटरपासून वेगळा गल्ला असतो, त्यावर "कास्सा" लिहिलेलं. तिथे पूर्ण कहाणी सांगायची गरज नसते. रिस्त्रेत्तो आणि साधी काफ्फे बहुतेक ठिकाणी एकाच किमतीला, त्यामुळे गल्ल्यावर ऐकायचं असतं ते एवढंच: "उन काफ्फे, उन देका मक्क्यातो, उन काप्पुच्चीनो." देका सांगायचं, कारण त्याचे काही सेंट जास्त पडू शकतात. पावती मिळते, स्कोन्त्रीनो. ती घेऊन काउंटरकडे जायचं, पावती संगमरवरावर ठेवायची आणि आता बारीकसारीक सांगायचं: काफ्फे रिस्त्रेत्तो, मक्क्यातो काल्दो, काप्पुच्चीनो बोल्लेन्ते. तो पावती थोडी फाडतो, म्हणजे ऑर्डर घेतली. रांग अशी नसते. जागा दिसली की कोपर टेकायचं आणि त्याची नजर पकडायची. दादरच्या वडापाववाल्याकडे जमतं त्याला इथेही जमतं.

गल्लीतल्या छोट्या बारमध्ये बहुतेक वेळा उलटं: आधी पिऊन घ्या, जाताना पैसे. कुठे काय, हे ओळखायचं असेल तर आपल्या आधीचा माणूस काय करतो ते बघा.

उभं राहून पिण्याची किंमत आणि खुर्चीवर बसून पिण्याची किंमत वेगळी असते. उभ्यानं काफ्फे सव्वा-दीड युरोच्या आत मिळते. तीच चौकातल्या टेबलावर दुप्पट, तिप्पट, प्रसिद्ध चौकात त्याहूनही जास्त. दरफलक लावलेला असतो, तो आधी वाचा. काउंटरवर कप घेऊन टेबलावर जाऊन बसलात तर मात्र गोड बोलून उठवतात.

देशपांडे_काका
६ सप्टेंबर, रात्री १०:०२

हे आमच्याबरोबर झालं होतं! व्हेनिसला बिल बघून आमच्या हिनं कपही बरोबर घेऊन जाऊ का विचारलं होतं.

अनिवासी_अण्णा
६ सप्टेंबर, रात्री १०:३०

बसण्याचे पैसे. याला मी लूटच म्हणतो.

जहाजी_४२
७ सप्टेंबर, सकाळी ७:१५

मृण्मयी, नेपल्सला नवऱ्याला रिस्त्रेत्तो मागू देऊ नका. तिथली साधी काफ्फेच इतकी आखूड आणि दाट असते की रिस्त्रेत्तो म्हणजे तळाला माखलेलं काहीतरी येईल. कप उकळत्या पाण्यात बुडवून ठेवतात, चिमट्यानं काढतात. पहिला घोट लगेच घेतला तर ओठ भाजतो. बरोबर पाण्याचा छोटा ग्लास देतात, ते पाणी आधी प्यायचं, तोंड स्वच्छ करायला. काही बारमध्ये साखर घालूनच देतात, नको असेल तर आधीच "आमारो" म्हणा.

तोरिनोकर
७ सप्टेंबर, दुपारी १:२०

पाणी आधी की नंतर, यावर माझ्या ऑफिसातल्या दोन नेपल्सवाल्यांचं एकमत नाही. एक म्हणतो नंतर प्यायलास तर बारवाल्याला वाटतं कॉफी वाईट होती म्हणून तोंड धुतोयस. दुसरा म्हणतो तहान लागेल तेव्हा पी.

फिल्टरवाली_माटुंगा
७ सप्टेंबर, दुपारी १:४०

इतकं सगळं त्या पंचवीस मिलिलिटरसाठी? आमचा टंबलर बघून यांना भोवळ येईल.

मृण्मयी_के
२१ ऑक्टोबर, रात्री ९:१०

मंडळी, परत आलो. धागा वर काढतेय, कारण हिशेब द्यायचाय.

मिलान स्टेशनवर तोरिनोकरांचं वाक्य तसंच्या तसं म्हटलं. गल्ल्यावरच्या बाईनं वर न बघता पावती दिली. काउंटरवर माझी देका मक्क्यातो म्हणताना जीभ वळली, त्यानं "काल्दो ओ फ्रेद्दो?" विचारलं, आणि एवढं वाचून गेले असूनही मी घाईत काल्दोला कोल्ड समजून फ्रेद्दो म्हणाले. थंड दुधाची किटली समोर आली. कॉफीत घातली तर चांगली लागली, नंतर दहाही दिवस तीच घेतली. झोपेचं विचाराल तर देका घेऊनही पहिल्या दोन रात्री जागी होते, पण तो दोष विमानाचा असेल.

सासरे बोलोन्यात रोज चारला काप्पुच्चीनो बोल्लेन्ते. तिसऱ्या दिवशी बारवाल्यानं आम्हाला दारात बघूनच दूध तापवायला घेतलं आणि "बोल्लेन्ते!" अशी आरोळी दिली. त्यावर काउंटरवरचे दोन म्हातारे हसले. सासऱ्यांना वाटलं स्वागत केलं, त्यांनी हात जोडले.

नेपल्सला नवऱ्यानं जहाजींचं ऐकलं नाही. रिस्त्रेत्तोच मागितली. दोन घोटांत संपली. बाहेर येऊन म्हणाला, भारी होती, पण होती कुठे? मी पाणी आधी प्यायले, सासरे नंतर प्यायले, कोणी काही म्हणालं नाही.

एक कोडं मात्र राहिलं. नेपल्सच्या त्याच बारमध्ये लोक पावतीवर दहा-वीस सेंटचं नाणं ठेवून मग काउंटरवर सरकवत होते. आम्ही नाही ठेवलं. चुकलं का?

जहाजी_४२
२२ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

ती तिकडची बक्षिसी. सक्ती नाही. पण नाणं दिसलं की कॉफी आधी होते असा माझा अनुभव.

तोरिनोकर
२२ ऑक्टोबर, दुपारी १:३०

आमच्या उत्तरेत कोणी ठेवत नाही. आणि जहाजी, तुमची कॉफी आधी होते ती तुमच्या मिशांमुळे.

अनिवासी_अण्णा
२२ ऑक्टोबर, दुपारी २:००

म्हणजे बसायचेही पैसे आणि उभं राहायचेही.

पालथा_घडा
२२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

ग्राइंडरबाई, वेगळा धागा काढला नाहीत ना? वाल्वच्या खालपर्यंत पाणी भरलं, पण वरून कॉफी न येता कडेकडेनं वाफ येतेय.

ग्राइंडरबाई
२३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

रबराची रिंग बघा. कडक झाली असेल नाहीतर पावडर अडकली असेल. आणि भांडं गरम असताना उघडू नका.